मोहरीएवढा ठिपका

अप्पांचा खोकला दीड महिना झाला तरी हटेना, म्हणून २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. अप्पांचं वय ७१. तीस वर्षं विडी ओढलेली, ती सुटूनही आता बारा वर्षं झालेली. तरुणपणी एकदा टीबी होऊन गेलेला, त्याचा कोर्स त्यांनी पूर्ण केला होता. थुंकीच्या तपासणीत काही निघालं नाही. एक्स-रेमध्ये उजवीकडे वरच्या बाजूला जुन्या व्रणांच्या रेघा होत्या, पण त्या रेघांच्या आड आणखी काही दडलंय का, हे एक्स-रेवरून ठरेना. मग सीटी झाला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ९ मिलिमीटरची एक गाठ निघाली.

रिपोर्टची शेवटची ओळ अशा अर्थाची होती : तुलनेसाठी जुने सीटी उपलब्ध नाहीत, असल्यास आणावेत. मी ती ओळ वाचून पुढे गेलो होतो. डॉक्टरांनी मात्र तिथेच बोट ठेवलं आणि विचारलं, “याआधी कधी छातीचा सीटी काढला होता का?”

काढला होता. २०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत. त्या दिवसांत नाशकात कुणाच्याही घरी फोन केला तरी पहिला प्रश्न “स्कोअर किती?” हाच असायचा. फुफ्फुसाच्या पाच भागांना प्रत्येकी पाचपैकी गुण देऊन पंचवीसपैकी एक आकडा काढत, तो स्कोअर. अप्पांचा नऊ होता, तो घरातल्या सगळ्यांना आजही तोंडपाठ आहे. त्या नऊच्या मागे आणखी एक गोष्ट होती, तीही मला अर्धवट आठवत होती. मी डॉक्टरांना सांगितलं, “तेव्हाही एक डाग दिसला होता. डाव्या बाजूला होता, अगदी मोहरीएवढा. मी स्वतः फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून बघितली होती. कोविड बरा झाल्यावर बघू, असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते.” त्यानंतर अप्पा हिंडूफिरू लागले आणि कुणी काही बघितलं नाही.

मला वाटलं, मी कामाची माहिती दिली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“तुमचे शब्द मी जसेच्या तसे धरले तर काय होतं बघा,” ते म्हणाले. “डावीकडे होता म्हणताय, म्हणजे उजवीकडची ही गाठ नवी आहे. मोहरीएवढा म्हणताय, म्हणजे बाजू सांगताना तुमची चूक झाली असेल तरी तीन वर्षांत तो डाग कितीतरी वाढलाय. विडी ओढलेल्या माणसात वरच्या भागातली गाठ, नवी तरी किंवा वाढलेली तरी. दोन्हीकडून मी सुईच्या तपासणीकडेच जातो. आणि तुमची आठवण दोन्ही बाबतीत चुकली असेल, तर ती सुई कदाचित लागणारच नाही. मला चित्र हवंय. निदान रिपोर्ट तरी.”

सुई म्हणजे बायोप्सी : सीटीच्या मशिनमध्ये झोपवून, बरगड्यांमधून सुई घालून गाठीचा तुकडा काढायचा. विडीने पोखरलेल्या फुफ्फुसात सुई गेली की हवा गळून फुफ्फुस दबण्याचा धोका असतो, आणि इतक्या लहान गाठीत सुई नेमकी पोचेलच असंही नसतं. पेट-सीटीचं, म्हणजे ज्यात कर्करोगाची गाठ चमकून दिसते त्या तपासणीचं, मी विचारलं. ते म्हणाले की एवढ्याशा गाठीत पेटचं उत्तर कच्चं असतं, शिवाय टीबीसारख्या आजारातही गाठ पेटमध्ये चमकते, म्हणजे चमकली तरी संशय फिटणार नाही. तिसरा मार्ग तीन महिने थांबून पुन्हा सीटी काढण्याचा. त्या तीन महिन्यांत आईची झोप गेली असती.

तीन वर्षांपूर्वीचा सीटी हातात असेल, तर त्या प्रतीक्षेचं उत्तर आधीच मिळालेलं असतं. डॉक्टरांनी समजावलं ते असं : कर्करोगाची भरीव गाठ सहसा गप्प बसत नाही, काही महिन्यांत ती वाढलेली दिसते. भरीव गाठ दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ आहे तेवढीच राहिली, तर ती जुना व्रण किंवा तशीच निरुपद्रवी असण्याची शक्यता फार मोठी. त्यामुळे आजच्या चित्रापेक्षाही जुनं चित्र आणि आजचं चित्र यांच्यातला फरक मोलाचा.

घरी येऊन शोध सुरू केला. फिल्म पंचवटीतल्या जुन्या घरात गोदरेजच्या कपाटावर, पिवळ्या पाकिटात होती, हे सगळ्यांना पक्कं आठवत होतं. पण आम्ही २०२२ मध्ये पाथर्डी फाट्याकडे राहायला आलो तेव्हा रद्दीबरोबर ती पाकिटं भंगारवाल्याला गेली. आईनेच दिली होती. जुन्या एक्स-रे फिल्मचे तो वेगळे पैसे देतो, म्हणून. आई त्यावरून रडायला लागली, तेव्हा अप्पाच तिला म्हणाले, “अगं, मीच बांधून दिली होती ती पाकिटं.”

आईला मी विचारलं, डाग कुठल्या बाजूला होता? ती म्हणाली उजवीकडे, डॉक्टरांनी फोनवर तसं सांगितल्याचं तिला आठवत होतं. माझ्या भावाला आठवत होतं की डाग वगैरे नव्हताच, कोविडचेच ठिपके होते. एका घरातली तीन माणसं, तेच तीन आठवडे एकत्र काढलेली, आणि तिघांच्या तीन आठवणी. कुणीही खोटं बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामेभावाच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये रिपोर्टची पीडीएफ सापडली. त्या वेळी बेड मिळवण्यासाठी आम्ही ती वीसेक जणांना पाठवली होती. त्यातल्या एकाचाच फोन तेव्हापासून बदललेला नव्हता. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात स्कोअर. दुसऱ्या पानावर, कोविडच्या वर्णनाखाली एक ओळ : उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ७ मिलिमीटरची गाठ, पुढे पाठपुरावा करावा.

एका ओळीने निम्मा गोंधळ मिटला. गाठ तेव्हाही होती आणि ती उजवीकडेच होती. पण दुसरा निम्मा आणखी वाढला. तेव्हा ७, आता ९. मला वाटलं, तीन वर्षांत दोनच मिलिमीटर, म्हणजे काहीच नाही. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. गाठ ही रेघ नसते, गोळा असतो. आडवं माप ७ वरून ९ झालं, तर गोळ्याचं आकारमान ९ भागिले ७, त्याचा घन, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त होतं. आणि दोन मिलिमीटरचा फरक ही साधारण अशी हद्द आहे, की त्याच्या आतला फरक मोजमापातली चूक म्हणून सोडता येतो, दोन किंवा जास्त असेल तर वाढ धरावी लागते. आम्ही नेमके हद्दीवर उभे होतो.

“मग बायोप्सी?” मी विचारलं.

“अजून नाही. हे सात कुणी, कुठल्या चित्रावर, कसे मोजले ते मला माहीत नाही. रिपोर्ट म्हणजे एका डॉक्टरने त्या दिवशी काय पाहिलं त्याची नोंद. दोन रिपोर्टमधले दोन आकडे एकमेकांतून वजा करण्यात मला भरवसा वाटत नाही. दोन चित्रं शेजारीशेजारी लावून एकाच माणसाने मोजली पाहिजेत.”

फिल्म गेली म्हणजे चित्र गेलं, असं मी धरून चाललो होतो. ते तसं नसतं, हे मला इथे कळलं. फिल्म म्हणजे फक्त छापील प्रत. सीटीच्या मशिनने काढलेले मूळ काप, म्हणजे छातीची एकेक आडवी चित्रं, सेंटरच्या संगणकात साठवलेले असतात. ते किती दिवस ठेवतील हे ज्या त्या सेंटरवर असतं. दाखल असलेल्या रुग्णांचे कागद तीन वर्षं जपावेत आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत असा डॉक्टरांसाठीचा नियम २००२ पासून आहे, पण अप्पा दाखल झाले नव्हते, नुसते सीटी काढून घरी आले होते, आणि तीन वर्षंही उलटून गेली होती. म्हणजे मला विनंतीच करायची होती.

कॉलेज रोडजवळच्या त्या सेंटरवर गेलो. काउंटरवरच्या मुलीने नाव टाकलं, काही निघालं नाही. पेशंट आयडी विचारला, तो पिवळ्या पाकिटावर होता. नुसत्या नावावर इतक्या जुन्या नोंदी सापडत नाहीत, तारीख आणा, असं तिने सांगितलं. रिपोर्टच्या पीडीएफवर तारीख होती, पण ती रिपोर्टची. तपासणीचा दिवस वेगळा असू शकतो, तेव्हा गर्दीमुळे रिपोर्ट दोन-दोन दिवस मागे पडत होते. शेवटी बँकेच्या स्टेटमेंटमध्ये मी त्या सेंटरला केलेलं यूपीआय पेमेंट सापडलं : ६ मे २०२१, सकाळी. त्या दिवसाची यादी टेक्निशियनने उघडली, तेव्हा अप्पा मिळाले. आडनाव आधी टाकलेलं, नावात एक अक्षर कमी आणि वय दहाने जास्त. चालू सर्व्हरवर त्यांचं चित्र नव्हतं, जुन्या नोंदींच्या हार्ड डिस्कवर होतं. ती लावून शोधायला त्यांनी चार दिवस घेतले.

चार दिवसांनी पेनड्राइव्ह मिळाला. घरी उघडला तर वीस जेपीजी फोटो. मी आनंदाने ते नव्या सेंटरच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमकडे नेले. त्यांनी दोन मिनिटांत परत दिले. म्हणाल्या, यावर मोजता येत नाही. जेपीजी म्हणजे पडद्याचा काढलेला फोटो. त्यात एक ठिपका किती मिलिमीटरचा हे लिहिलेलं नसतं, उजेड-अंधाराची पट्टी बदलता येत नाही, आणि मधले काप गायब असतात. डायकॉममध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ फाइलींच्या रूपात, सगळे काप मागा, आणि पातळ काप असतील तर तेच मागा. मी पुन्हा गेलो. या वेळी मिळालेल्या फोल्डरमध्ये `DICOMDIR` नावाची एक फाइल होती आणि तिच्यामागे तीनशेच्या वर चित्रं. पहिल्या खेपेलाच नेमके शब्द वापरले असते तर एक हेलपाटा वाचला असता, म्हणून इथे लिहून ठेवतो : “संपूर्ण स्टडी, डायकॉममध्ये, पातळ कापांसह.”

मॅडमनी मला शेजारी बसू दिलं, त्याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी आहे. डाव्या पडद्यावर २०२१, उजव्या पडद्यावर २०२४. दोन्हीकडे श्वासनलिका जिथे दुभंगते तिथून त्या एकेक काप वर सरकत गेल्या. एका रक्तवाहिनीला वाय अक्षरासारखा फाटा होता, तो दोन्ही चित्रांत सापडला, आणि त्या फाट्याच्या थोडं वर, दोन्हीकडे, तीच गाठ. २०२१ च्या चित्रात आजूबाजूला कोविडचे धुरकट पट्टे पसरले होते. त्यांच्यामध्ये ती छोटीशी, घट्ट पांढरी.

मग मोजमाप. गाठीचा सगळ्यात लांब व्यास आणि त्याला काटकोनात आडवा व्यास, दोन्हींची सरासरी, आणि ती पूर्ण मिलिमीटरमध्ये. २०२४ : ९.४ आणि ८.२, सरासरी ८.८, म्हणजे ९. २०२१ : ९.१ आणि ८.१, सरासरी ८.६. म्हणजे तेही ९.

मी विचारलं, मग सात कुठून आले?

त्यांनी काही न बोलता एक बटण दाबलं. फुफ्फुस काळंभोर झालं, हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या राखाडी उजळल्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती गाठ आक्रसली. तोच काप आणि तीच गाठ, फक्त उजेडाची पट्टी बदललेली. फुफ्फुस बघायची पट्टी वेगळी असते आणि मांसल भाग बघायची वेगळी. दुसऱ्या पट्टीत गाठीची फिकट कड अंधारात जाते, उरतो तो मधला दाट भाग. त्यांनी त्यावर मापाची रेघ ओढली : ७.२. “बहुतेक असंच मोजलं गेलं असणार,” त्या म्हणाल्या. “किंवा जाड कापावर मोजलं असेल. काप पाच मिलिमीटरचा असला की गाठीची कड शेजारच्या हवेत मिसळते आणि ती लहान दिसते. त्या महिन्यात एकेका डॉक्टरने दिवसाला किती सीटी वाचले असतील! त्यांनी गाठ लिहून ठेवली, हेच मोठं काम केलं.”

मला हे मनापासून पटलं. त्या एका ओळीशिवाय आम्ही २०२१ चा सीटी शोधायच्या मागे इतके लागलोच नसतो.

मी त्यांना माझी मोहरी सांगितली, डावी बाजूही सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही बघितलं ते बरोबरच बघितलं होतं. आणि भिंतीवरच्या लाइटबॉक्सवर दुसऱ्या कुणाची तरी, नाव झाकलेली फिल्म लावली. चौदा बाय सतरा इंचांच्या त्या फिल्मवर वीस चौकटी होत्या, एका ओळीत चार. म्हणजे एक चौकट साडेतीन इंच, नऊ सेंटिमीटर. तिच्यात पस्तीसेक सेंटिमीटर रुंदीची छाती बसवलेली. सगळं चित्र साधारण चौपट लहान करून छापलेलं. नऊ मिलिमीटरची गाठ तिथे सव्वादोन मिलिमीटरची दिसणार. मोहरीच! प्रत्येक चौकटीच्या कडेला बारीक खुणांची एक पट्टी असते, खरं माप तिच्यावरून काढायचं. ट्यूबलाइटसमोर उभं राहून मी ती पट्टी कशाला बघेन?

आणि बाजू? सीटीचं चित्र असं मांडतात, की आपण झोपलेल्या माणसाच्या पायांशी उभे राहून त्याच्याकडे बघतोय. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. मी फिल्मवर डावीकडे ठिपका बघितला आणि तीन वर्षं अप्पांच्या डाव्या फुफ्फुसात डाग आहे असं धरून चाललो. कोपऱ्यात लहानसं आर अक्षर होतं. ते मी कंपनीचं चिन्ह समजलो असणार.

हे सगळं उलटही होऊ शकलं असतं, हे मॅडमनी बजावून सांगितलं. दोन्ही रिपोर्टमध्ये आठ-आठ लिहिलेलं असतं, आणि चित्रं शेजारी लावल्यावर गाठीची गुळगुळीत कड काटेरी झालेली दिसली असती, तर आकडा तोच असूनही त्यांनी आम्हाला घाईने पुढे पाठवलं असतं. अशी काही पेशंटची चित्रं त्यांनी पाहिली आहेत. कड कशी आहे, आत कॅल्शियमचा कण आहे का, शेजारची रक्तवाहिनी ओढली गेली आहे का, हे रिपोर्टच्या ओळीत दरवेळी उतरत नाही, कारण लिहिणाऱ्याला त्या दिवशी प्रश्न दुसराच विचारलेला असतो. अप्पांच्या वेळी प्रश्न होता कोविड किती. चित्रात मात्र तेव्हा कुणी न विचारलेलंही जसंच्या तसं राहिलेलं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी २०२४ च्या रिपोर्टला पुरवणी जोडली. ६ मे २०२१ च्या सीटीशी तुलना केली, गाठीच्या आकारात आणि कडांमध्ये लक्षणीय बदल नाही, नवी गाठ नाही, आधीच्या रिपोर्टमधील ७ मिलिमीटर हे माप वेगळ्या पद्धतीने घेतलेले असावे. तुलना कशाशी केली त्याची तारीख आणि दोन्ही मापं त्यात होती, हे मी मुद्दाम बघितलं. पुढे कुणालाही माझ्या तोंडची हकिगत ऐकायची गरज पडू नये.

छातीच्या डॉक्टरांनी बायोप्सी रद्द केली. विडीचा इतिहास आहे म्हणून एक वर्षाने कमी मात्रेचा एक सीटी काढायला सांगितला, त्याच सेंटरवर आणि शक्यतो पातळ कापांत. खोकला अ‍ॅसिडिटीचा निघाला, त्याचं औषध सुरू झालं आणि गणपती बसेपर्यंत तो बराच कमीही झाला. दोन्ही स्टडी आता तीन ठिकाणी आहेत : भावाच्या लॅपटॉपवर, माझ्या हार्ड डिस्कवर आणि आईच्या कपाटात पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्हच्या पाकिटावर तारखा आणि पेशंट आयडी आईने स्वतःच्या हाताने लिहिलेत.

त्या संध्याकाळी पुरवणी वाचून दाखवली तेव्हा अप्पा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि विचारलं, “अरे, पण आहे कुठे ती नेमकी?” मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, माझ्या डाव्या हाताला असलेला त्यांचा उजवा खांदा शोधला, आणि हाडाच्या थोडं खाली बोट टेकवलं.